सुलट पातं

"न्हाय गं बाय. उलटं न्हाय फिरू द्यायचं."

"आये, सरांचा नमुना तसाच हाय. समोरनं बघितलं की डावीकडंच फिरतंय त्ये."

"सरांच्या दारात फिरू दे की डावीकडं. देवाला कसं फिरतो आपण? उजवा हात देवाकडं ठिवून. उलटं कोण फिरतंय ठावं हाय का? मयताला फिरतेत. तसं फिरवायचं व्हय तुज्या इंजनेरीचं पयलं चाक?"

पुनी हसली. तिचं कागदावरचं नाव पूर्णिमा, पण सुतारदऱ्यातल्या त्या दीड खोलीत पूर्णिमा म्हणायला कुणाला सवड नव्हती. रविवारची दुपार. दारात पाय पसरून मुक्ताबाई पांगाऱ्याच्या फळीचा तुकडा दोन टाचांत धरून बसली होती आणि पटाशीनं त्याचे छिलके काढत होती. हे काम तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. वाघोलीच्या दत्तोबा सुताराची ती लेक. बाप तिफणीचं दांडं ताशी तेव्हा ही शेजारी बसून ढलप्या गोळा करायची आणि बापाचं लक्ष नसलं की पटाशी उचलायची. बाप गेला तशी भावांनी जमीन वाटून घेतली आणि हिनं पटाशी मागून घेतली. भावांना वाटलं, खुळी हाय.

"आता तिन्ही पाती केलीस तू, आये," पुनी म्हणाली. "तिन्ही आरशात बघितल्यागत झाल्यात. मी कागदावर काढून दिलं होतं ना?"

"कागद सरळ हाय का उफराटा, मला काय म्हाईत. माप तर बरोबर धरलंय? बुडाशी तिरपं, शेंड्याला चपटं, असंच म्हणालीस."

माप बरोबर होतं, ते पुनीला कबूल करावं लागलं. पात्याचं बूड वाऱ्याला चांगलं तिरकं धरलेलं आणि शेंड्याकडं जाता जाता तो पीळ उतरत आलेला. शेंडा जोरात फिरतो, त्याला वारा समोरून कापावा लागतो, म्हणून तिथं पातं जवळजवळ आडवं हवं. बूड हळू फिरतं, तिथं तिरपं चालतं. हे पुनीनं पुस्तकात वाचलं होतं. आईच्या हातानं ते लाकडात असं उतरवलं होतं, की बोट फिरवलं तर पीळ कुठं सुरू झाला ते कळू नये.

मधल्या चकतीत तिन्ही पाती बसवून पुनीनं तो पंखा खिळ्यावर अडकवला आणि दाराबाहेर धरला. टेकडीवरनं वारा येत होता. पंखा एकदा डुलला, मग सुटला. असा सुटला, की तीन पाती दिसेनाशी होऊन पांढुरकी ताटली दिसायला लागली.

"बघ," मुक्ताबाई म्हणाली. "सुलट फिरतंय."

"फिरू दे," पुनी म्हणाली. "वाऱ्याला काय फरक पडतोय. वेग तेवढाच."

पोरगी म्हणाली ते खरं होतं. वाऱ्याला फरक पडत नव्हता.

मुक्ताबाई कोथरुडातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची परिचर होती. आधी ती जागा तिच्या नवऱ्याची, रामदासची. कावीळ अंगात मुरली आणि तो महिन्यात आटोपला. त्याच्या जागी अनुकंपेवर हिला घेतलं. पुनी तेव्हा पहिलीत. हिची शाळा सातवीपर्यंत, आणि वीज म्हणजे बटण खाली केलं की दिवा, एवढीच ओळख.

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या हातून व्होल्टमीटरच्या तारा उलट जोडल्या गेल्या. व्होल्टमीटरचा काटा डावीकडं शून्यावर बसलेला असतो. वीज सुलट आली की उजवीकडं सरकून आकडा दाखवतो. शून्याच्या रेघेच्या डाव्या अंगाला, दोन केस बसतील एवढ्या अंतरावर, बारकी खुंटी असते. तारा उलट लागल्या की काटा मागं जाऊन त्या खुंटीला आपटतो. त्या दिवशी वीज जास्त होती, काटा नुसता आपटला नाही, वाकला.

विभागप्रमुख होते खांबेटे सर. अनंत खांबेटे. आवाज चढवणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी तो मीटर उचलला, चष्म्याखालून बघितला आणि म्हणाले, "बाई, हे शेवयांचं यंत्र नाही. कसंही फिरवलं की शेवया पडल्या, असं इथं होत नाही." मग तो वाकडा काटा तिच्या हातात देऊन तिला दारात उभं केलं. वर्ग सुटला. बत्तीस पोरं एकेक करून तिच्या पुढनं गेली. सर प्रत्येकाला सांगत होते, "बघून घ्या. तारा उलट लावल्यावर काय होतं ते बघून घ्या." बघताना पोरं आधी काट्याकडं बघत, मग तिच्याकडं.

त्या दिवसापासनं मुक्ताबाईनं तारेचा नाद धरला. लाल ती लालला, काळी ती काळीला. घरी तांदूळ निवडताना पुटपुटायची. वर्षभरात अशी झाली, की झाकल्या डोळ्यांनी जोडणी करी. शिकवणारे मास्तर फळ्यावर आकृती चुकले, तर ही मागनं टेबलं पुसता पुसता म्हणे, "सर, त्या बॅटरीचं त्वांड फिरवा." नवे मास्तर पोरांना सांगत, अडलं की मावशींना विचारा. आणि मावशीचं एक वाक्य सगळ्या कॉलेजात झालं होतं: "माजी तार चुकत न्हाय." पोरं तिची नक्कल करत, गॅदरिंगला एकानं तर लुगडं नेसून केली. मुक्ताबाई पहिल्या रांगेत बसून हसली. तिला ते आवडलं होतं. माणसाला बारशात एक नाव मिळतं ते फुकटचं असतं. हे तिनं बारा वर्षं झिजून कमावलेलं.

पुनी अकरावीला त्याच कॉलेजात आली तेव्हा मुक्ताबाईनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हितं मला आये म्हणायचं न्हाय. समदी म्हणत्यात तसं मावशी म्हणायचं. न्हायतर म्हणतील, आईनं पोरीला आकडे सांगितलं."

पुनीनं ते असं उचललं, की पहिले चार दिवस मुक्ताबाईलाच गिळायला जड गेलं. "मावशी, जरा ती कॅलिपर द्या." अहो-जाहो सगळं. बसमधून उतरून सुतारदऱ्याचा चढ लागला की मग पुन्हा आये.

बारावीच्या प्रकल्पाला खांबेटे सरांनी पाच पोरांना एकच विषय वाटून दिला: पवनचक्कीच्या पात्याचा आकार बदलला की वीज किती बदलते. तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातनं खेळण्यातल्या गाडीत असते तसली अंगठ्याएवढी मोटार आणली. मोटारीला वीज दिली की ती फिरते; तीच मोटार वाऱ्यानं फिरवली की उलट ती वीज देते, आणि जितकी जोरात फिरेल तितका जास्त व्होल्ट. पाचांची पाती वेगळी, मोटार एकच, मीटर एकच, वारा एकाच टेबल पंख्याचा. म्हणजे कुणाला तक्रारीला जागा नाही.

यातला एकच प्रकल्प बाहेर जायचा होता. खराडीला काचेच्या नव्या इमारतीत बसलेल्या एका कंपनीनं प्रदर्शन ठेवलं होतं. तिथं निवडलेल्या पोरांची इंजिनिअरिंगच्या चारी वर्षांचा खर्च कंपनी करणार होती. पुनीला ते हवं होतं. दुसरी वाट कुठली, तेही घरात ठरून गेलं होतं: त्याच खराडीला मामाच्या ओळखीनं कॉल सेंटरात बसायचं, कानाला यंत्र लावून परदेशातल्या माणसांच्या शिव्या ऐकायच्या. मामा म्हणाला होता, "गाडी दारात येती न्यायला. अजून काय पायजे पोरीला?" त्या दिवसापासनं पुनी पाती, वारा आणि पीळ याशिवाय दुसरं बोलेना.

पाचांमध्ये एक रविराज होता. कोथरूड गाव होतं तेव्हा त्याच्या आज्याची तिथं ज्वारी असायची. आता बापाच्या तीन सोसायट्या उभ्या होत्या. पोरगा वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. सरांच्या सांगण्यावरनं मुक्ताबाईनं मोटारीच्या तारा मीटरला जोडल्या, त्या दिवशी तो म्हणाला होता, "सर, मीटर मावशींच्या ताब्यात. म्हणजे पेपर काढणाऱ्याच्या घरीच क्लास."

सरांनी ऐकलं. मग म्हणाले, "मुक्ताबाई, जोडावर लाख लावा. पोस्टातल्या पार्सलवर असते तशी. चाचणी होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

मुक्ताबाईनं दिव्यावर लाख वितळवली आणि लालच्या लालला, काळीच्या काळीला, दोन्ही जोडांवर टोपण बसवावं तशी टिकली बसवली. सरांच्या नमुन्याचं डावीकडं फिरणारं पातं लावून बघितलं. काटा उजवीकडं सरकला. बरोबर.

सोमवारी अकराला चाचणी. टेबल पंखा खडूच्या खुणेवर, तिथनं एक मीटरवर मोटार, खिडक्या बंद. पंखा तीन नंबरावर सुरू करायचा, चक्की स्थिर फिरायला लागली की वाचायचं, थांबवायचं, असं तीनदा, आणि तिन्हींची सरासरी. सर खुर्चीवर तक्ता घेऊन बसले. पाचही पोरं भिंतीला उभी. मुक्ताबाईकडं पंख्याचं बटण.

पहिल्या पोराची सपाट पाती, पुठ्ठ्याची. शून्य पॉइंट चौदा व्होल्ट. दुसरीनं सपाटच, पण रुंद केली होती; अठरा. तिसऱ्याची पाती इतकी तिरपी, की चक्की फिरण्याऐवजी नुसती थरथरली.

"ही पवनचक्की नाही, ही हिवतापाची केस आहे," सर म्हणाले आणि पुढं लिहिलं.

रविराजनं पीव्हीसीचा पाइप उभा चिरून त्यातनं पाती कापली होती. पाइपाचा बाक आयताच मिळालेला, काम नीटस. सरांच्या नमुन्यावरनं माप घेतल्यानं फिरली तीही डावीकडंच. काटा शून्य पॉइंट छत्तीसवर जाऊन उभा राहिला. तीनदा छत्तीस.

"बरं आहे," सर म्हणाले. त्यांच्या तोंडी एवढं म्हणजे हार घातल्यासारखं.

शेवटी पुनी. तिनं पांगाऱ्याचा पंखा मोटारीच्या दांड्यावर दाबून बसवला आणि बाजूला झाली. मुक्ताबाईनं बटण दाबलं.

चक्की एक क्षण अडली आणि सुटली. आदल्या दिवशी दारात सुटली होती तशी. बारीक शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. इतर चार चक्क्यांना आवाजच नव्हता. भिंतीची पोरं पुढं सरकली. पहिल्या पोराच्या तोंडनं "आयला" निघून गेलं आणि त्यानं सरांकडं बघून जीभ चावली.

काटा उजवीकडं हललाच नाही.

"शून्य," सर म्हणाले.

पुनी मीटरवर वाकली. तिचं तोंड आधी पांढरं पडलं आणि मग एकदम कळल्यासारखं सैल झालं. "सर, काटा मागं गेलाय. माझी पाती उजवीकडं फिरतात. मोटार उलट फिरली की वीज उलट येते. तारा बदलून लावल्या तर…"

"तारांवर लाख आहे."

"हो सर, पण फक्त बदलून…"

"आता आधी फिरवायचं आणि मग तारा त्याला जुळवायच्या, असं का?" रविराज हळूच म्हणाला. "मावशींकडं सोय आहेच."

कुणीतरी हसलं.

खांबेटे सरांनी तक्ता मांडीवर ठेवला. टोपण न लावता पेन हातात धरलं. "मुक्ताबाई, तारा तुम्ही लावल्यात. तुम्ही सांगा. जोडणी बरोबर आहे की नाही?"

सगळी तिच्याकडं बघत होती. पुनीही. बारा वर्षांमागं दारात उभं राहून वाकडा काटा धरला होता ते मुक्ताबाईच्या अंगावरनं गेलं, आणि त्याच झटक्यात ते हसणंही. पोरीसाठी तारा फिरवणारी आई. तिच्या ओठांवर जे नेहमी येई तेच आलं.

"माजी तार चुकत न्हाय, सर."

"म्हणजे बरोबर आहे."

"बरोबर हाय."

बोलून झालं आणि मग तिची नजर मीटरवर गेली. काटा शून्यावर नव्हता. शून्याच्या रेघेच्या डाव्या अंगाला, दोन केसांच्या अंतरावर, खुंटीला टेकून थरथरत होता. बारा वर्षांत हजारदा बघितलेलं. नवी पोरं तारा उलट लावत, आणि ही लांबनं नुसतं खुंटीकडं बघून म्हणे, "फिरवून लाव रं सोन्या."

तिला कळलं. तिथल्या तिथं, त्याच श्वासात कळलं. तार बरोबर होती आणि पातंही बरोबर होतं; सुलट-उलटाचा खेळ तिचा तिनंच, दारात पाय पसरून, केला होता. आता नुसतं म्हणायचं होतं, "थांबा सर, काटा खुंटीला लागलाय." पाच शब्द. मीटर तिच्या हातापासनं वितीवर होता.

म्हणाली नाही. एकदा 'बरोबर हाय' म्हणून झालं होतं. आता 'न्हाय' म्हटलं की बारा वर्षांचं ते एक वाक्य भुईला मिळणार, आणि रविराज सगळ्या कॉलेजाला सांगणार, पोरीचा काटा हालंना तशी मावशीची तार चुकली. असं तिच्या मनात आलं. हे येऊन जाईपर्यंत दहा सेकंदं गेली असतील. पुनी तिच्याकडं बघतच होती. मुक्ताबाईनं नजर पंख्याच्या बटणावर नेली.

"अजून दोन वाचनं," सर म्हणाले. "नियम आहे."

मुक्ताबाईनं पंखा बंद केला. चक्की मंदावली, तसा काटा खुंटी सोडून हळूहळू वर आला आणि रेघेवर बसला. पुन्हा चालू केला. पुन्हा खुंटी. तीनदा. सरांनी तीनदा शून्य लिहिलं, सरासरी काढली, शून्य, आणि तक्त्याखाली सही केली. मग म्हणाले, "रविराज. चला, दुपारच्या आत कंपनीला फॅक्स करायचाय."

डबा खायच्या सुट्टीत मुक्ताबाई प्रयोगशाळेत एकटीच होती. दोनच्या बॅचसाठी भिंगं पुसून ठेवत होती. पुनी आली. दार लावलं. सरळ टेबलाशी गेली, ड्रॉवरमधनं चाकूचं पातं काढलं आणि लाखेच्या दोन्ही टिकल्या खरवडल्या. तुकडे टेबलावर उडाले. लाल काळीच्या जागी, काळी लालच्या जागी. पांगाऱ्याचा पंखा दांड्यावर बसवला. बटण दाबलं.

शीळ सुरू झाली. काटा उजवीकडं निघाला. छत्तीस ओलांडून गेला. चाळीस. पंचेचाळीस. शून्य पॉइंट बावन्नवर जाऊन उभा राहिला आणि तिथंच बारीक डुलत राहिला.

"वाचा, मावशी," पुनी म्हणाली.

खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

"पुने…"

"वाचा की. तुम्हाला वाचता येतं."

"बावन्न."

"तुम्हाला दिसलं होतं का खुंटीला?"

मुक्ताबाईच्या हातात फडका होता. तो तिनं घडी करून पुन्हा उलगडला. "दिसलं व्हतं."

"बोलायच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"मग नंतर बोलायचं होतं," पुनी म्हणाली. आवाज चढवला नाही. मुक्ताबाईला तो आवाज कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाचा वाटला आणि मग ध्यानात आलं, खांबेटे सरांचा. "सांगितलं असतं तर कुणी मला फुकटचे मार्क दिले नसते, माझीच वीज दिसली असती. पण बरोबर आहे. तुमची तार चुकत नाही, मावशी."

पंखा बंद न करताच ती निघून गेली. दार मागं उघडंच राहिलं.

मुक्ताबाई खांबेटे सरांच्या खोलीकडं गेली. धावली नाही, पण जाताना फडका हातातच होता, हे तिला तिथं पोचल्यावर कळलं. सर पोळी-भाजी खात होते.

"सर, तार फिरवून बगितली. बावन्न आलं. रविराजच्या दीडपट जवळजवळ."

"येणारच," सर म्हणाले. "पात्याचा पीळ फार चांगला आहे. कुणी केला?"

"म्या."

"छान."

"मग आता…"

"आता काय?"

"फॅक्स थांबवा, सर. उलट फिरत व्हतं म्हणून मागं गेलं. काटा खुंटीला टेकला व्हता."

सरांनी घास संपवला. पाणी प्यायले. "मुक्ताबाई, काटा खुंटीला टेकला की काय होतं ते मला नव्यानं सांगताय?"

ती दारातनं टेबलापाशी आली.

"मला तेव्हाच दिसलं," सर म्हणाले. "पहिल्या वाचनाला. म्हणूनच तुम्हाला विचारलं."

"मग तुमी का न्हाई बोलला?"

"मी विचारलं ना. पोरीनं सांगितलं, पण जोडणी तिची नव्हती. जोडणी तुमची. तुमच्या तोंडून यायला हवं होतं. मी आणखी दोन वाचनं घेतली, मुद्दाम. थांबलो होतो तुमच्यासाठी. तुम्ही बटणाकडं बघत होतात." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मी तक्त्यावर लिहिलंय, जोडणी परिचरांनी प्रमाणित केली. आता मी काय लिहू? परिचर खोटं बोलल्या, असं लिहू? लिहितो. तुमची तीन-चार वर्षं राहिलीत पेन्शनला. लिहू?"

मुक्ताबाईनं फडक्याकडं बघितलं. त्याला लाखेचा एक लाल कण चिकटला होता.

"पोरीची इंजनेरी जाती, सर."

"हो."

तेवढंच म्हणाले. मग घड्याळ बघून म्हणाले, "आणि फॅक्स गेला साडेबाराला. लाख फोडलीत ना? फोडलीतच असणार. ती परत लावा. उद्या प्राचार्य मांडणी बघायला येणारेत, तक्त्यात आहे तशीच दिसायला हवी."

ती वळली, तेव्हा मागनं सर म्हणाले, "मुक्ताबाई, पीळ मात्र खरंच चांगला आहे."

प्रयोगशाळेत पंखा चालूच होता. पांगाऱ्याची चक्की शीळ घालत होती, काटा बावन्नवर होता. कुणी बघत नसताना इतका वेळ तो तिथं तसाच उभा राहिला असणार. मुक्ताबाईनं बटण बंद केलं. चक्की थांबेपर्यंत ती थांबली. मग दांड्यावरनं ती काढली, शेंड्यावर बोट फिरवलं, आणि चक्की खिडकीच्या कट्ट्यावर भिंगांच्या पेटीशेजारी ठेवली. घरी न्यावी असं वाटलं नाही. फेकावी असंही नाही.

स्पिरिटचा दिवा पेटवला. तारा सोडल्या. लाल लालला. काळी काळीला. हात न अडखळता. लाखेची कांडी ज्योतीवर धरली, वितळली, दोन थेंब दोन जोडांवर पाडले आणि अंगठ्यानं दाबले. चटका बसला. टिकल्या पहिल्यापेक्षा नीट बसल्या होत्या.

बाहेर दोनच्या बॅचची पोरं जमली होती. दाराशी ढकलाढकल चालू होती. टेबलावरचे लाखेचे जुने तुकडे तिनं फडक्यात गोळा करून कचऱ्यात टाकले, दिवा विझवला, आणि प्रत्येक टेबलावर एक भिंग, एक पडदा, एक मेणबत्ती मांडत गेली.

"मावशी, या लॅबला दुसरा मीटर आहे का? मागच्या तासाला आमचा चिकटला होता," दारातनं एका पोरानं विचारलं.

"आज भिंगांचा प्रयोग हाय रं. मीटर लागत न्हाय," मुक्ताबाई म्हणाली. "या आत. चपला भायेर काढा."